चुकलं कोण, मूल की प्रश्न?

‘खालीलपैकी कोणत्या पदार्थाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे? (अ) मध (ब) बर्फ (क) पारा (ड) रॉकेल.’ आठवीच्या विज्ञानातल्या ‘बल व दाब’ या पाठावरच्या चाचणीत असा प्रश्न सहज येऊ शकतो. बाईंनी उत्तरसूचीत ‘ड’ लिहिलं, कारण रॉकेल पाण्यावर तरंगतं हे त्यांच्या डोक्यात होतं. प्रश्नपत्रिका छापली, परीक्षा झाली, पेपर तपासून गुण भरले गेले. साधारण निम्म्या मुलांचा प्रश्न बरोबर आला. फार सोपाही नाही, फार अवघडही नाही, तेव्हा प्रश्न बरा होता असं कुणालाही वाटेल.

पण बर्फही पाण्यावर तरंगतो. त्याची घनता साधारण ०.९२, म्हणजे पाण्यापेक्षा कमीच. प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत आणि त्यातल्या एकालाच गुण मिळाला. त्यातही वाईट म्हणजे ज्यांनी पाठ नीट वाचला होता, त्या मुलांनी ‘ब’ वाचताक्षणीच खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. ‘ड’पर्यंत त्यांनी पाहिलंच नाही. गुण कापला गेला तो अभ्यास केलेल्यांचा.

अशी चूक पेपर तपासताना दिसत नाही, कारण तपासताना आपल्या हातात एका मुलाची उत्तरपत्रिका असते. ती पकडायची तर उत्तरपत्रिका आडव्या वाचाव्या लागतात: एका मुलाचे सगळे प्रश्न सोडून, एका प्रश्नाची सगळ्या मुलांनी दिलेली उत्तरं. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत याला प्रश्न विश्लेषण म्हणतात. काठिण्य निर्देशांक आणि भेदन निर्देशांक ही त्याची दोन मुख्य मापं. बहुतेक शिक्षकांनी ती पदविकेच्या किंवा पदवीच्या परीक्षेपुरती पाठ केलेली असतात आणि नोकरी लागल्यावर वर्गात कधीच वापरलेली नसतात. खरं तर एका घटक चाचणीसाठी हे काम शनिवारच्या दुपारी शाळा सुटल्यावर तासा-दीड तासात होतं. लागतो तो एक कोरा कागद आणि साधं कॅल्क्युलेटर.

उदाहरण म्हणून एक वर्ग समोर ठेवतो. ४४ मुलं, ‘बल व दाब’वरचे २० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी एक गुण, प्रत्येकाला चार पर्याय. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. पण त्यांत दिसणारे नमुने कुठल्याही शाळेत भेटतील असेच आहेत.

पहिलं काम म्हणजे उत्तरपत्रिकांची चळत एकूण गुणांनुसार लावायची, सर्वांत जास्त गुणांची वर, सर्वांत कमी गुणांची खाली. मग वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के बाजूला काढायच्या. ४४ चे २७ टक्के म्हणजे ११.८८, तेव्हा वरच्या १२ आणि खालच्या १२. मधल्या २० तूर्त बाजूला ठेवायच्या. बाराव्या आणि तेराव्या मुलाला सारखेच गुण असतील तर कुणाला गटात घ्यायचं याचा नियम आधीच ठरवावा, उदाहरणार्थ हजेरी क्रमांक लहान असलेला आधी. एकदा पेपर चाळायला घेतले की आवडत्या मुलांकडे हात वळतो.

हा २७ टक्क्यांचा आकडा ट्रुमन केली या अमेरिकन संशोधकानं १९३९ मध्ये मांडला. अडचण साधी आहे. अगदी वरची आणि अगदी खालची तीन-तीन मुलं घेतली तर त्यांच्यातला फरक ठळक दिसतो, पण इतक्या थोड्या मुलांवरून काढलेल्या निष्कर्षावर विसंबता येत नाही. अर्धा-अर्धा वर्ग घेतला तर मुलं भरपूर होतात, पण मध्यावरची जवळपास सारख्या ताकदीची मुलं दोन्ही गटांत विभागली जातात आणि फरक पुसट होतो. गुणांची विभागणी नेहमीसारखी, म्हणजे मधे गर्दी आणि दोन्ही टोकांना विरळ, अशी असेल तर या दोन्हींचा उत्तम तोल २७ टक्क्यांवर साधतो, असं केली यांनी गणितानं दाखवलं. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. वर्गात वीसच मुलं असतील तर सरळ दहा-दहाचे दोन गट करावेत.

आता प्रत्येक प्रश्नासाठी कागदावर चार रकाने आखायचे, अ, ब, क, ड, आणि कुणी काही लिहिलंच नसेल तर त्यासाठी पाचवा. वरच्या गटातल्या किती मुलांनी कोणता पर्याय निवडला आणि खालच्या गटातल्या किती मुलांनी, हे उभ्या रेघा मारून मोजायचं. नुसतं बरोबर की चूक एवढंच मोजायचा मोह होतो, कारण ते लवकर उरकतं. तो मोह टाळावा. खरी माहिती चुकीच्या पर्यायांच्या रकान्यांत असते, हे पुढे दिसेलच.

घनतेच्या त्या प्रश्नाचा तक्ता असा आला:

| पर्याय | वरचा गट (१२) | खालचा गट (१२) |
|---|---|---|
| अ. मध | १ | २ |
| ब. बर्फ | ७ | २ |
| क. पारा | ० | १ |
| ड. रॉकेल (उत्तरसूची) | ४ | ७ |

काठिण्य निर्देशांक म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण. दोन्ही गट मिळून बरोबर ४ अधिक ७, म्हणजे ११. एकूण मुलं २४. ११ भागिले २४ म्हणजे ०.४६. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. ०.९० म्हणजे दहातल्या नऊ मुलांना आलं, ०.२० म्हणजे दहातल्या दोघांनाच. नाव काठिण्याचं असलं तरी मोजला जातो सोपेपणा, आणि नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.

भेदन निर्देशांक काढताना बेरजेऐवजी वजाबाकी करायची. वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, आणि उत्तराला एका गटातल्या मुलांच्या संख्येनं भागायचं. ४ वजा ७ म्हणजे उणे ३. भागिले १२ म्हणजे उणे ०.२५. ज्या मुलांचा बाकीचा पेपर उत्तम गेला ती या प्रश्नात मागे पडली आणि ज्यांचा पेपर कच्चा होता ती पुढे गेली, एवढंच हा आकडा सांगतो. ०.४६ या काठिण्य निर्देशांकानं प्रश्नाला निर्दोष ठरवलं होतं. उण्याच्या चिन्हानं तो पकडला.

भेदन निर्देशांक उणे आला की तीन ठिकाणी पाहावं. आधी उत्तरसूची, कारण ‘ब’च्या जागी ‘ड’ पडणं हा नेहमीचा प्रकार आहे. तशी चूक असेल तर वरच्या गटातली बरीच मुलं एकाच दुसऱ्या पर्यायावर जमलेली दिसतात. मग प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत का हे पाहावं. आपल्या तक्त्यात बर्फासमोरची ७ मुलं तेच ओरडून सांगत आहेत. या दोन्हींतलं काही नसेल तर प्रश्नाची भाषा पाहावी. ‘नाही’, ‘वगळता’, ‘अयोग्य’ असे शब्द ज्यात आहेत, असे प्रश्न हुशार मूल घाईत उलटे वाचतं.

इथे ‘ब’ आणि ‘ड’ दोन्हींना गुण देणं हाच न्याय. तसं केल्यावर वरच्या गटातली ११ आणि खालच्या गटातली ९ मुलं बरोबर ठरतात; काठिण्य निर्देशांक ०.८३ होतो आणि भेदन निर्देशांक ०.१७. प्रश्न सोपा झाला, पण निदान उलटा राहिला नाही. पुढच्या वेळी बर्फाच्या जागी काचेची गोटी घालावी. आणि हो, गुण बदलले म्हणजे चळतीचा क्रमही बदलू शकतो. कुणी मूल मधल्या गटातून वरच्या गटात आलं असेल, तर बाकीच्या प्रश्नांचे आकडे काढण्याआधी गट पुन्हा लावून घ्यावेत.

दोन बरोबर उत्तरांचा प्रश्न किती महागात पडतो हे २०२४ च्या नीट परीक्षेनं देशाला दाखवलं. भौतिकशास्त्राच्या अणूविषयीच्या एका प्रश्नात एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक पर्याय बरोबर ठरत होता आणि नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरा. सुरुवातीला दोन्हींना गुण दिले गेले. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ विद्यार्थी होते, त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नामुळे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं आणि निकाल पुन्हा लावावा लागला. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेनंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करून हरकती मागवते, ती सोय अशाच चुकांसाठी आहे. वर्गातल्या चाचणीवर हरकत घेणारं कुणी नसतं. तिथे हरकत घ्यायचं काम शिक्षकानंच करायचं असतं.

त्याच पेपरमधला दुसरा प्रश्न पाहू. ‘एका वस्तूचे वस्तुमान ६० ग्रॅम आणि आकारमान ७५ घनसेंमी आहे. ती पाण्यात टाकली तर काय होईल?’ पर्याय होते: तरंगेल, बुडेल, पाण्याच्या बरोबर मध्यावर थांबेल, वस्तू कशाची आहे हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. वरच्या गटातल्या १० मुलांनी ‘तरंगेल’ हे बरोबर उत्तर दिलं, एकानं ‘बुडेल’, एकानं ‘सांगता येणार नाही’. खालच्या गटात ‘तरंगेल’ ४, ‘बुडेल’ ५, ‘सांगता येणार नाही’ ३. ‘मध्यावर थांबेल’ला दोन्ही गटांत कुणीच हात लावला नाही. काठिण्य निर्देशांक १४ भागिले २४, म्हणजे ०.५८. भेदन निर्देशांक ६ भागिले १२, म्हणजे ०.५०.

रॉबर्ट ईबेल या अमेरिकन मापनतज्ज्ञानं भेदन निर्देशांकासाठी काही ढोबळ पायऱ्या दिल्या आहेत आणि त्याच जगभर वापरल्या जातात. ०.४० किंवा त्याहून जास्त असेल तर प्रश्न फार चांगला, ०.३० ते ०.३९ चांगला, थोडा सुधारता येईल, ०.२० ते ०.२९ काठावरचा, सुधारायलाच हवा. त्याखाली असेल तर टाकावा किंवा नव्यानं लिहावा. या हिशेबानं वस्तुमान-आकारमानाचा प्रश्न पहिल्या पायरीवर बसतो. अनेक पुस्तकं इथेच थांबतात. मला वाटतं खरं वाचन इथून पुढे सुरू होतं.

खालच्या गटातल्या पाच मुलांनी ‘बुडेल’ का लिहिलं? घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. ६० भागिले ७५ म्हणजे ०.८, पाण्यापेक्षा कमी. या मुलांनी ७५ ला ६० नं भागलं असणार. उत्तर येतं १.२५, पाण्यापेक्षा जास्त, म्हणून ‘बुडेल’. म्हणजे घनता एकपेक्षा जास्त असली की वस्तू बुडते हे त्यांना ठाऊक आहे. गोंधळ आहे तो कशाला कशानं भागायचं याचा. त्यांच्याकडून आणखी दहा उदाहरणं करून घेऊन उपयोग नाही. एक घनसेंमीमध्ये किती ग्रॅम मावले, हा अर्थ त्यांना पुन्हा द्यावा लागेल. एकाला जवळ बसवून ‘हे कसं काढलंस?’ असं विचारलं की पाच मिनिटांत खात्री होते. ‘सांगता येणार नाही’ लिहिणाऱ्या तिघांची अडचण वेगळी आहे. लाकूड असेल तर तरंगतं, लोखंड असेल तर बुडतं, एवढंच त्यांच्या मनात पक्कं आहे. पदार्थ कोणता हे न कळताही नुसत्या घनतेवरून उत्तर देता येतं, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. दोन्ही चुका, दोघांनाही शून्य गुण. पण उपाय निरनिराळे.

‘मध्यावर थांबेल’ हा पर्याय मात्र मेलेला आहे. ज्याला उत्तर येत नाही त्यालाही तो खरा वाटला नाही, म्हणजे हा प्रश्न प्रत्यक्षात तीनच पर्यायांचा होता आणि अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांवरून तेहतीसवर गेली होती. चुकीचा पर्याय कुठून आणायचा, याचं सोपं उत्तर म्हणजे मुलांच्या वह्या. इथे ‘वस्तू जड असल्यामुळे आधी बुडेल आणि मग वर येईल’ असं काही घालता येईल. मुलं तोंडी परीक्षेत अशी वाक्यं बोलत असतात. ती त्याच वेळी टिपून ठेवावीत.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ‘२५ चौरस सेंमी पृष्ठभागावर ५० न्यूटन बल लंबदिशेने लावले आहे. दाब किती पास्कल?’ पर्याय: २, २००, २०,०००, १,२५०. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंमी, तेव्हा २५ चौरस सेंमी म्हणजे ०.००२५ चौरस मीटर, आणि ५० भागिले ०.००२५ म्हणजे २०,००० पास्कल. वरच्या गटात बरोबर उत्तर ३ जणांचं, खालच्या गटात २ जणांचं. काठिण्य निर्देशांक ०.२१ आणि भेदन निर्देशांक जेमतेम ०.०८. ईबेलच्या पायऱ्यांनुसार हा प्रश्न सरळ केराच्या टोपलीत जायला हवा.

पण आधी ०.२१ या आकड्याकडे नीट पाहा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी ०.२५ यायला हवं होतं. मुलांचं यश त्याच्याही खाली गेलं आहे, म्हणजे बहुधा ही मुलं अंदाजानं ठोकत नव्हती. कुणीतरी त्यांना ठामपणे चुकीच्या दिशेनं ओढत होतं. तक्ता ते दाखवतो. वरच्या गटातल्या ७ मुलांनी ‘२००’ निवडलं, दोघांनी ‘२’. खालच्या गटात ‘२’ लिहिणारी ५, ‘२००’ लिहिणारी ४ आणि ‘१,२५०’ लिहिणारं एक. ‘१,२५०’ हा सरळ ५० आणि २५ चा गुणाकार. ‘२’ लिहिणाऱ्यांनी सेंटिमीटरचे मीटर केलेच नाहीत, ५० ला २५ नं भागून मोकळे झाले. ‘२००’ लिहिणाऱ्यांनी ते केले, पण शंभरानं भागून: एक मीटर म्हणजे शंभर सेंमी, तर एक चौरस मीटर म्हणजे शंभर चौरस सेंमी, असं धरून. २५ भागिले १०० म्हणजे ०.२५, आणि ५० भागिले ०.२५ म्हणजे २००.

वर्गातली सर्वांत तयार मुलं ही चूक करत आहेत, याचा अर्थ क्षेत्रफळाच्या एककांचं रूपांतर वर्गात कुणालाच नीट शिकवलं गेलेलं नाही. कदाचित ते गणिताच्या तासाला झालं असेल असं विज्ञानाच्या शिक्षकांनी धरलं आणि विज्ञानाच्या तासाला होईल असं गणिताच्या शिक्षकांनी. प्रश्नात काहीही दोष नाही. त्याला टोपलीत टाकलं तर मोडलेल्या थर्मामीटरऐवजी चांगला थर्मामीटर फेकल्यासारखं होईल. फळ्यावर एक मीटर बाजूचा चौरस आखून त्यात प्रत्येक बाजूला शंभर खुणा करा, मग एकूण किती चौकोन होतील ते मुलांना विचारा. तासाभराचं हे काम झालं की हाच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या. त्या वेळी भेदन निर्देशांक काय येतो ते पाहण्याजोगं असेल.

अगदी सोप्या प्रश्नाचंही असंच आहे. ‘बलाचे एसआय पद्धतीतील एकक कोणते?’ याला वरच्या गटातली १२ आणि खालच्या गटातली ११ मुलं बरोबर आली. काठिण्य निर्देशांक ०.९६, भेदन निर्देशांक ०.०८. इथे भेदन वाढणारच नाही, कारण खालच्या गटालाही येत असेल तर फरक उरतोच कुठे? जो प्रश्न ९० टक्के मुलांना आला, त्याचा भेदन निर्देशांक या पद्धतीनं ०.२० च्या वर जाऊच शकत नाही: वरच्या गटातल्या सगळ्यांना आलं तरी खालच्या गटातल्या ८० टक्क्यांना आलेलं असणार. पाठ संपल्यावर सगळ्यांना आलंच पाहिजे अशा गोष्टींसाठी हे प्रश्न हवेतच. शिष्यवृत्तीसारख्या निवड परीक्षेत मात्र अशा प्रश्नांची गर्दी झाली तर निवड करायला जागाच उरत नाही. तेव्हा भेदन निर्देशांकाला चांगलं-वाईट म्हणण्याआधी परीक्षा कशासाठी घेतली होती ते आठवावं.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? १२-१२ मुलांचे गट असतील तर एका मुलानं खूण बदलली की भेदन निर्देशांक ०.०८ नं हलतो. निव्वळ योगायोगानं तो ०.२० नं वर-खाली जाणं अगदी सामान्य आहे. त्यामुळे ०.२५ आणि ०.३३ यांत फरक मानू नये. ०.१५ आलं म्हणून प्रश्न रद्द करू नये. तक्ता काढून तो प्रश्न पुन्हा वाचावा. उणे आकडे आणि ०.४० च्या वरचे आकडे मात्र कान टवकारून ऐकण्यासारखे असतात. शाळेत अ, ब, क अशा तुकड्यांना एकच पेपर असेल तर तिन्ही तुकड्यांच्या उत्तरपत्रिका एकत्र करून गट काढले की आकडे बरेच स्थिर होतात. शाळांच्या समूहात दोन-तीन शाळांनी मिळून केलं तर आणखी चांगलं.

त्याहून खोलवरची मर्यादा म्हणजे हुशार कोण हे आपण त्याच पेपरच्या एकूण गुणांवरून ठरवतो. समजा २० पैकी १९ प्रश्न व्याख्या आणि एककांचे आहेत आणि एकच प्रश्न विचार करायला लावणारा आहे. मग वरच्या गटात पाठांतर करणारी मुलं जमतील आणि विचाराच्या प्रश्नाचा भेदन निर्देशांक कमी दिसेल. नियमावर बोट ठेवून तोच प्रश्न काढून टाकला, तर पुढच्या वर्षीचा पेपर आणखी पाठांतराचा होईल. अशा वेळी पेपरचा संविधान तक्ता काढून पाहावा: तो प्रश्न एकटाच वेगळ्या प्रकारचा आहे का? असेल तर त्याच्या जोडीला तसे आणखी चार प्रश्न घालावेत.

पाचव्या रकान्याचाही विचार व्हायला हवा. शेवटच्या दोन प्रश्नांत खालच्या गटातल्या पाच मुलांनी काहीच लिहिलं नसेल, तर भेदन निर्देशांक छान मोठा दिसतो, पण त्यानं मोजलेला असतो वाचनाचा वेग. मुलं त्या प्रश्नापर्यंत पोचलीच नाहीत. हेच प्रश्न पुढच्या वेळी पेपरच्या सुरुवातीला घालून पाहिले की गोष्ट उघड होते.

दीर्घोत्तरी प्रश्नांनाही हीच रीत लागू पडते, फक्त बरोबर उत्तरं मोजण्याऐवजी सरासरी गुण घ्यायचे. पाच गुणांच्या प्रश्नात वरच्या गटाची सरासरी ३.८ आणि खालच्या गटाची १.६ असेल, तर दोन्हींची मिळून सरासरी २.७, ती पाचांत ०.५४ भरते. हा झाला काठिण्य निर्देशांक. फरक २.२, पाचांत ०.४४. हा झाला भेदन निर्देशांक. फक्त ‘कोणतेही दोन सोडवा’ अशा प्रश्नांत हे आकडे फसवे असतात, कारण कोणता प्रश्न सोडवायचा हे मुलानं स्वतः ठरवलेलं असतं. अवघड प्रश्न फक्त तयार मुलांनी घेतला तर तो सोपा भासेल.

शाळेत संगणक असेल तर तक्त्याचं काम आणखी हलकं होतं. एका ओळीत एक मूल, गुणांनुसार उतरत्या क्रमानं. दुसऱ्या ओळीपासून पंचेचाळिसाव्या ओळीपर्यंत ४४ मुलं. एका स्तंभात एका प्रश्नाची उत्तरं. पर्यायांसाठी A ते D ही अक्षरं वापरली आणि प्रश्न F स्तंभात असला तर रॉकेलच्या प्रश्नाचा भेदन निर्देशांक एका ओळीत निघतो:

```
=(COUNTIF(F2:F13,"D")-COUNTIF(F34:F45,"D"))/12
```

अशा वेळी काठिण्य निर्देशांक मात्र मधल्या २० मुलांना न वगळता सगळ्या ४४ मुलांवरून काढावा. तो जास्त खरा असतो.

हे सगळं वर्षभरात कामी यायचं तर प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड किंवा वहीचं अर्धं पान ठेवावं. त्यावर प्रश्न, चारही पर्याय, कोणत्या पाठावरचा, कधी आणि कोणत्या तुकडीला दिला, दोन्ही निर्देशांक आणि प्रत्येक पर्यायापुढच्या खुणा लिहाव्यात. त्याखाली एक ओळ आपल्या शब्दांत: ‘पाच मुलांनी उलटा भागाकार केला.’ तीन-चार वर्षांत शाळेची स्वतःची प्रश्नपेढी तयार होते, आणि बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला मुलं कुठे अडतात हे पहिल्याच दिवशी वाचायला मिळतं.

प्रश्नपेढीतला प्रश्न पुन्हा वापरताना जुना काठिण्य निर्देशांक समोर ठेवावा. ६० ग्रॅम आणि ७५ घनसेंमीचा प्रश्न गेल्या वर्षी ०.५८ वर होता आणि यंदा ०.९० वर गेला, तर यंदा पाठ जास्त चांगला शिकवला गेला असेल किंवा गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मोठ्या भावंडांकडून खाली आली असेल. हे ओळखायचं तर पुढच्या चाचणीत वस्तुमान ९० ग्रॅम आणि आकारमान ८० घनसेंमी करून तोच प्रश्न द्यावा. घनता १.१२५ येते, वस्तू बुडते. शिकलेलं मूल ‘बुडेल’ लिहील, आणि ज्यानं उत्तर पाठ केलं आहे ते ‘तरंगेल’ लिहील.